चोर्ल्याला निघण्याआधी बॉनेट उघडा: नव्या ड्रायव्हरांसाठी गाडीतली तेलं-पाणी तपासण्याची रीत

या, सगळे पुढे या. बॉनेटच्या भोवती उभे राहा, मागच्यांनाही दिसू दे. मावशी, तुम्ही या बाजूला या, तिथं ऊन तोंडावर येतंय. आज गाडी चालवायची नाही, इंजिनही सुरू करायचं नाही. ही गाडी काल संध्याकाळपासून इथंच उभी आहे आणि मी ती मुद्दाम तशी ठेवली आहे, कारण आज जे दाखवणार आहे ते थंड इंजिनावरच खरं दिसतं.

लायसन्स हातात आलं की आपल्या बेळगावचा माणूस पहिल्यांदा कुठं जातो हे मला ठाऊक आहे. गोव्याला. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट, खाली केरी, मग साखळी आणि पणजी. म्हणून तोच प्रवास धरून सांगतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच, पणजी समुद्राला लागून. म्हणजे जाताना घाट उतरायचा आणि येताना तोच चढायचा. उतरताना जीव लागतो ब्रेकचा, चढताना इंजिनाचा. आणि होतं काय, निघायच्या दिवशी सकाळी घरातला कोणीतरी मोठा माणूस बॉनेट उघडून सगळं बघतो, नारळ फोडतो, पण परतीच्या दिवशी हॉटेलातून बॅगा भरल्या की कोणी बॉनेटला हात लावत नाही. इंजिनाची खरी परीक्षा असते ती परतीलाच. तेव्हा पहिली गोष्ट ही धरा: ‘प्रत्येक प्रवासाआधी’ म्हणजे येतानाचाही प्रवास वेगळा मोजायचा.

आता बॉनेट उघडण्याआधी खाली वाका. होय की, खालीच. गाडी रात्रभर जिथं उभी होती तिथली फरशी बघा. डाव्या बाजूला पुढं स्वच्छ पाणी ठिबकलेलं असेल तर बहुतेक एसीचं आहे, त्याची काळजी नको. काळा किंवा तपकिरी चिकट डाग इंजिन ऑईलचा. गुलाबी, हिरवा किंवा निळा पाणीदार डाग कूलंटचा. आणि चाकाच्या आतल्या अंगाला, टायरच्या भिंतीवरून ओघळलेलं पातळ तेलकट काही दिसलं तर ते ब्रेक ऑईल असू शकतं. अशी गाडी त्या दिवशी गल्लीच्या बाहेरसुद्धा काढायची नाही. ज्यांच्या घरासमोर माती आहे त्यांना डाग दिसणार नाही, त्यांनी रात्री इंजिनाखाली जुना पुठ्ठा सरकवून ठेवावा. सकाळी पुठ्ठा सगळं सांगतो.

आता बॉनेट. ही पिवळ्या मुठीची पट्टी दिसते ना, ही डिपस्टिक. इंजिन ऑईल बघायची. गाडी सपाट जागेवर हवी. अनगोळच्या तुमच्या गल्लीत उतार असेल तर तिथलं माप खोटं येणार. इंजिन चालू असेल, तर बंद करून पाच-दहा मिनिटं थांबायचं, म्हणजे वर चढलेलं ऑईल खालच्या चेंबरमध्ये उतरतं. आता बघा. पट्टी ओढून काढली. यावर आत्ता जे दिसतंय त्याला काही अर्थ नाही, कारण गाडी हलताना ऑईल पट्टीवर कुठंही लागलेलं असतं. स्वच्छ फडक्यानं पुसली. परत आत घातली, पूर्ण, मूठ टेकेपर्यंत. आता काढली. दोन खुणा आहेत, वरची आणि खालची. ऑईल या दोघांच्या मध्ये कुठंही असलं तर चालतं. दोन्ही बाजूंनी वाचायची, आणि दोन बाजूंना फरक दिसला तर कमी दाखवणारी बाजू खरी धरायची.

मूठ टेकेपर्यंत घालायला का सांगतो? वाटेत कोणी अनोळखी पोरगा ‘साहेब, ऑईल बघतो’ म्हणत बॉनेटला हात घालेल. पट्टी अर्धवट घातली की कुठलीही गाडी कोरडी दिसते आणि डबा खपतो. सगळेच तसे नसतात, पण पट्टी स्वतःच्या हातानं घालायची सवय ठेवा.

लहान गाड्यांमध्ये खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत साधारण एक लिटरचा फरक असतो, काहींमध्ये त्याहून थोडा कमी. म्हणजे ऑईल खालच्या खुणेला टेकलं असेल तर सगळा डबा ओतायचा नाही. पावशेर-पावशेर ओता, दोन-चार मिनिटं थांबा, पुन्हा बघा. वरच्या खुणेच्या वर गेलं तर ‘जास्त झालं, बरंच झालं’ असं समजू नका. फिरणारा क्रँक त्या ऑईलमध्ये बुडतो, ऑईल घुसळून त्याला फेस येतो, आणि फेस कुठल्याच भागाला धड वंगण देत नाही. शिवाय सील फुटून गळती लागते ती वेगळीच. कुठलं ऑईल घालायचं हे गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. शेजारच्या काकांच्या गाडीला जे चालतं ते तुमच्या गाडीला चालेलच असं नाही. आजच्या लहान पेट्रोल गाड्यांना फार पातळ ऑईल लागतं, जुन्या डिझेलवाल्यांना ते पाण्यासारखं वाटतं.

रंगावरून घाबरायचं कधी आणि कधी नाही, तेही ऐका. डिझेल गाडीचं ऑईल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळंकुट्ट होतं. ते चालतं. पण पट्टीवर ऑईल दुधाळ, साईसारखं दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. ती गाडी सुरूच करायची नाही. आपल्याकडे पावसाळ्यात एक घोळ होतो. खानापूर भागात आठवडा आठवडा पाऊस उघडत नाही, गाडी नुसती बाजारापर्यंत जाऊन येते, इंजिन नीट तापतच नाही, आणि ऑईल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट साय धरते. पट्टीवर ऑईल स्वच्छ असेल, कूलंट कमी होत नसेल आणि साय फक्त झाकणालाच असेल, तर ती हवेतली ओल आहे. एकदा चांगली तासभर गाडी चालवा, बहुतेक जाते.

आणि एक उलटी गोष्ट. नव्या डिझेल गाड्यांमध्ये धुराची काजळी अडवणारी जाळी असते. ती जाळी साफ करायला गाडी स्वतःहून जास्त डिझेल जाळते. मध्येच इंजिन बंद करत राहिलात तर न जळलेलं डिझेल खाली ऑईलमध्ये उतरतं. मग डिपस्टिकवर ऑईल कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसतं. कोणी भरलेलं नसताना ऑईल वाढलं, तर आनंद नको, गॅरेज गाठा.

ऑईलचं एवढं पुरे. आता या बाटलीजवळ या. आज माझा जास्त वेळ हिच्यावर जाणार आहे.

ही पांढुरकी प्लास्टिकची बाटली कूलंटची. अंगावर दोन रेषा आहेत, खाली कमीत कमी, वर जास्तीत जास्त. झाकण उघडायची गरज नाही, बाहेरूनच दिसतं. नाही दिसलं तर मोबाइलचा टॉर्च मागून धरा, किंवा गाडी हातानं थोडी हलवा, पातळी हलताना दिसते. थंड इंजिनावर ती दोन रेषांच्या मध्ये हवी. गरम झाल्यावर ती वर चढते, म्हणून गरम गाडीवर बघून ‘भरपूर आहे’ म्हणायचं नाही.

मागच्या बॅचला एका काकांनी विचारलं, ‘अहो सर, बेळगावात काय बर्फ पडतोय काय? साधं पाणी घातलं तर काय झालं?’ प्रश्न रास्त आहे. कूलंट थंडीत गोठू नये म्हणून असतं ते खरं, पण आपल्याकडे त्याची बाकीची तीन कामं जास्त महत्त्वाची. ते आतल्या धातूला गंज चढू देत नाही, वॉटर पंपाचं सील टिकवतं, आणि पाण्यापेक्षा उशिरा उकळतं. बोअरच्या पाण्यानं अंघोळीच्या हीटरच्या कॉईलवर पांढरा थर चढतो ना, तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आतून चढतो आणि बाहेरून कोणाला दिसत नाही. म्हणून भर घालायची ती कूलंटचीच. डब्यावर वाचा: तयार मिश्रण असेल तर तसंच ओता, घट्ट कूलंट असेल तर बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं करून. आणि रंग सारखा म्हणजे कूलंट सारखं, असं नसतं. रंग कंपनीच्या मर्जीचा असतो. पुस्तकात जो प्रकार लिहिलाय तोच घ्या. घरात लहान मुलं किंवा कुत्रं-मांजर असेल तर डबा वर ठेवा. कूलंट चवीला गोडसर असतं आणि विषारी असतं.

आता सगळ्यात कडक नियम. गरम इंजिनावर हे झाकण किंवा रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. का, ते समजून घ्या म्हणजे विसरणार नाही. पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं. गाडीत झाकण आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण एक बारनं जास्त धरून ठेवतं, त्यामुळं तेच पाणी १२० अंशांच्या आसपास गेल्यावर उकळतं. समजा आत ११० अंश आहे. झाकण बंद आहे तोवर पाणी शांत आहे. तुम्ही झाकण फिरवलं, दाब गेला, आणि ते सगळं पाणी एका क्षणात उकळून तुमच्या तोंडावर येतं. फडकं धरून उघडलं तरी हात भाजतो. वरचा रेडिएटरचा पाइप हातानं दाबून बघा. तो कडक आणि गरम असेल तर अजून वेळ आहे.

आता एक प्रसंग सांगतो, तो नीट ऐका. आमच्याकडेच शिकलेला खानापूरचा एक मुलगा. सेकंडहँड पेट्रोल गाडी घेतली, लहानच. घरच्या तिघांना घेऊन चोर्ल्यावरून पणजीला गेला. निघताना त्यानं बॉनेट उघडलं होतं, मी शिकवलं होतं तसं. कूलंट दोन रेषांच्या बरोबर मध्ये. जाताना काही झालं नाही. होणार कसं? घाट उतरताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढलेला, इंजिनावर ओझंच नाही. पणजीत एक रात्र राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून निघाले, बॉनेट उघडलं नाही. केरी मागे पडली, चढ सुरू झाला. चार माणसं, सामान, एसी चालू, पुढं लोड भरलेला ट्रक, म्हणून गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रडतरखडत. टेंपरेचरचा काटा अर्ध्याच्या वर गेला. त्याला वाटलं ऊन आहे, होणारच. काटा आणखी चढला. आणि मग एकदम खाली पडला, अगदी थंड गाडीला असतो तिथं. तो खूश झाला, म्हणाला निवली. दोन वळणं आणखी चढवली. मग बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी बंद पडली.

काटा खाली का पडला? टेंपरेचर मोजणारा सेन्सर पाण्यात बुडलेला असतो. पाणीच संपलं की तो रिकाम्या जागेत लटकतो आणि काही गाड्यांमध्ये काटा भलतंच थंड दाखवतो. इंजिन मात्र आतून भाजत असतं. चढाला, ओझ्याखाली, आधी वर गेलेला काटा अचानक पडला तर ती चांगली बातमी नाही. अशा वेळी हीटर लावून बघा. काटा वर गेलेला आणि हीटरमधून थंड हवा येतेय, म्हणजे फिरायला पाणीच उरलं नाही. गाडी तिथंच बाजूला.

त्यानं मला फोन केला. मी म्हणालो, झाकणाला हात लावू नकोस, पाणी ओतू नकोस, तासभर बस. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतलं तर धातू एका जागी आकसतो आणि तडकतो. तासाभरानं, पाइप मऊ पडल्यावर, बघितलं तर बाटली कोरडी. वॉटर पंपाच्या खाली गुलाबी-पांढरी पापुद्र्यासारखी रेघ वाळलेली. वॉटर पंपाला खाली एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की तिथून थेंब थेंब येतं आणि गरम इंजिनावर वाळून जातं, म्हणून जमिनीवर डागही पडत नाही. गाडी टेंपोवर घालून आणावी लागली. पंप स्वस्तातला होता; पण इंजिनाचं वरचं हेड तापून वाकडं झालं होतं, हेडखालचं पॅकिंग म्हणजे गॅस्केट उडालं होतं, हेड काढून सपाट करून बसवावं लागलं. पंपाच्या कितीतरी पट खर्च त्यात गेला.

आता मला सांगा, त्यानं चुकलं कुठं? निघताना तर बघितलं होतं. तो नंतर म्हणाला, ‘सर, आदल्या आठवड्यात मी थोडं पाणी घातलं होतं. त्याच्या आधीही एकदा.’ इथं आहे मेख. कूलंटची यंत्रणा बंद असते. पेट्रोल जळतं, थोडं ऑईलही जळतं, पण कूलंट कुठं जळत नाही. धड गाडीत महिनोन्‌महिने पातळी जागची हलत नाही. एकदा कमी झालं तर भरा आणि खूण करा. दुसऱ्यांदा कमी झालं तर ती गळती आहे, मग बाटली कितीही भरलेली दिसो. त्या सकाळी पातळी ठीक होती. ती भर घातल्यामुळं ठीक होती.

खूण कशी करायची, ही घ्या मार्करची पेन. सकाळी थंड गाडीवर पातळीच्या रेषेवर बाटलीवर बारीक आडवी रेघ मारायची, बाजूला तारीख. पुढच्या वेळी पुन्हा सकाळी, थंड गाडीवरच बघायचं. थंडाशी थंड ताडून बघितलं की हिशेब बरोबर येतो. लांब जायच्या चार-पाच दिवस आधी रेघ मारा, मग जांबोटीपर्यंत जाऊन या, रात्रभर गाडी उभी ठेवा आणि बघा. रेघेवरच असेल तर निघा. बोटभर खाली गेलं असेल तर गॅरेजमध्ये दाब देऊन तपासायला सांगा. मेकॅनिककडे त्याचा हातपंप असतो. बाहेर कुठंच ओल नाही आणि तरी कमी होतंय, तर ते हेड गॅस्केटमधून इंजिनात जात असेल: सायलेन्सरमधून गाडी तापल्यावरही पांढरी वाफ येते. किंवा पायाखालचं कार्पेट ओलं, काचेवर आतून चिकट धुकं आणि गोडसर वास. तेव्हा आतल्या हीटरचा रेडिएटर गळतोय.

आणि समजा त्या मुलानं पणजीत सकाळी बॉनेट उघडलं असतं आणि पातळी खालच्या रेषेखाली दिसली असती, तर? तर गाडी थंडच होती, झाकण उघडून भर घालता आली असती. कूलंट नसेल तर बाटलीबंद पाणी घाला, अडचणीत चालतं, घरी आल्यावर सगळं बदलून घ्यायचं. मग इंजिन दहा मिनिटं चालू ठेवून टॉर्चनं पंप, पाइप, रेडिएटर बघा. ठिबक दिसली तर पणजीत नाहीतर साखळीतच मेकॅनिक शोधा. केरी सोडून चढाला लागलात की वर कणकुंबीपर्यंत मदत मिळणं अवघड, आणि मोबाइलची रेंज कुठं जाईल सांगता येत नाही.

चढाला काटा वर जाताना दिसलाच तर आधी एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा जोरात. हीटर म्हणजे आणखी एक छोटा रेडिएटरच, उकडेल पण इंजिनातली थोडी उष्णता बाहेर जाईल. जागा मिळेल तिथं बाजूला घ्या. वाफ येत असेल तर लगेच इंजिन बंद. ज्यांच्या गाडीत काटा नाही त्यांना निळा दिवा म्हणजे इंजिन अजून थंड, लाल म्हणजे तापलं. लाल दिवा लागल्यावर ‘पुढच्या वळणापर्यंत जाऊ’ म्हणायचं नाही.

आता उतराचं, म्हणजे ब्रेकचं. ही काचेसमोरच्या भिंतीजवळची छोटी बाटली. आपण हिला ब्रेक ऑईल म्हणतो, पण हे तेल नव्हे. यात चुकूनही इंजिन ऑईल घालू नका, आतले रबर फुगून ब्रेकच जातात. बाहेरून दोन रेषांच्या मध्ये पातळी बघायची आणि झाकण बंदच ठेवायचं. कारण हे द्रव हवेतली ओल ओढून घेतं. ओल शिरली की लवकर उकळतं. डब्यावर डॉट ४ असं लिहिलेलं असतं; कोरडं नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल धरलेल्या डॉट ४ ची हद्द १५५ अंशांपर्यंत खाली येते. चोर्ल्याच्या उतारावर सतत पाय दाबून ठेवला तर चाकाजवळ एवढी उष्णता सहज तयार होते. मग आत वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला जातो, द्रव दाबलं जात नाही. पॅडल स्पंजसारखं खाली जातं आणि गाडी थांबत नाही. म्हणून ब्रेक ऑईल वेळेवर बदलायचं, बहुतेक गाड्यांना दोन वर्षांनी. मागच्या वर्षीचा फोडलेला डबा वापरायचा नाही.

पातळी कमी दिसली तर इथं कूलंटच्या उलट विचार करायचा. ब्रेक ऑईल हळूहळू, महिन्यांच्या हिशेबानं, उतरणं साहजिक आहे: ब्रेक पॅड झिजतात तशी चाकाजवळची जागा वाढते आणि तिथं द्रव भरतं. म्हणून बाटली खालच्या रेषेकडे आली की भर न घालता आधी पॅड तपासा. भर घालून ठेवलीत तर नवे पॅड बसवताना द्रव उलटं येऊन बाटलीतून सांडतं आणि रंग उडवतं. सांडलंच तर लगेच पाणी ओता. पण दोन दिवसांत पातळी उतरली तर ती गळतीच.

हातानं, म्हणजे पायानं, करायची परीक्षा अशी. इंजिन बंद असताना ब्रेक तीन-चार वेळा दाबा, पॅडल कडक होईल. आता तसंच अर्धा मिनिट दाबून धरा. हळूहळू खाली सरकत गेलं तर आत गळतंय. जागच्या जागी राहिलं, तर पाय न काढता इंजिन सुरू करा. पॅडल किंचित खाली जाऊन थांबायला हवं. नाही गेलं तर ब्रेकला मदत करणारा बूस्टर काम करत नाही. रोज सकाळी करा, वेळ लागत नाही. आणि डॅशबोर्डवरचा लाल ब्रेक दिवा हँडब्रेक सोडल्यावरही लागलेला असेल तर हँडब्रेक पुन्हा पुन्हा वरखाली करत बसू नका. बऱ्याच गाड्यांत तोच दिवा ब्रेक ऑईल कमी झाल्याचंही सांगतो. घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचा, ज्या गिअरमध्ये चढाल त्याच. पॅडल मऊ लागलं तर भराभर पंप करा, गिअर खाली घ्या, हँडब्रेक हळूहळू ओढा, जागा मिळताच थांबा. अर्धा तास थांबा. चाकांवर पाणी मारू नका.

बाकीचं भराभर. वायपरची पाण्याची टाकी भरा, त्यात शांपूचे दोन-चार थेंब चालतात. उसाच्या हंगामात ट्रॉलीच्या चाकांचा चिखल काचेवर आला की त्याची किंमत कळते. जुन्या गाडीत पॉवर स्टिअरिंगच्या ऑईलची बाटली असेल तर तीही बघा. नव्या बहुतेक लहान गाड्यांत स्टिअरिंग मोटरवर चालतं, तिथं बघण्यासारखं काही नाही. बॅटरीला पाण्याची झाकणं असतील तर प्लेटा बुडालेल्या हव्यात, आणि घालायचं ते डिस्टिल्ड पाणीच. काही डिझेल गाड्यांना निळ्या झाकणाची वेगळी टाकी असते, ती युरियाच्या द्रवाची. ते चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तर किल्ली फिरवू नका, गाडी ढकलून बाजूला घ्या. सुरू केलीत की पंप आणि इंजेक्टर दोन्ही जातात. आणि पेट्रोल: गोव्यात स्वस्त मिळतं म्हणून काटा तळाला टेकलेला घेऊन चोर्ल्याला उतरणारे मी बघितलेत. पेट्रोलचा पंप टाकीतल्या पेट्रोलनंच थंड राहतो. पाव टाकी तरी असू द्या.

डिकीत काय ठेवायचं ते लिहून घ्या: तुमच्या गाडीच्या पुस्तकातलं इंजिन ऑईल एक लिटर, तयार कूलंट एक लिटर, पाण्याच्या दोन मोठ्या बाटल्या, स्वच्छ फडकं, टॉर्च, मार्कर. ब्रेक ऑईल बरोबर नेऊ नका. ते कमी झालं तर घाटात भर घालून पुढं जायचंच नाही.

चला, आता एकेकानं पुढं या. मावशी, पहिल्यांदा तुम्ही. डिपस्टिक काढा, पुसा, पूर्ण आत घाला, काढा आणि मला दोन्ही बाजूंचं वाचून सांगा. त्यानंतर हा मार्कर घेऊन कूलंटवर रेघ आणि आजची तारीख. गाडी मी उद्या संध्याकाळपर्यंत गावात फिरवणार आहे आणि रात्री इथंच लावणार आहे. परवा सकाळच्या बॅचला तुमच्यातलाच कोणीतरी रेघ बघून सांगेल, पातळी हलली की नाही.